फोन घेताना बॅटरीचा हिशेब

युरोपीय संघाचा नवा बॅटरी कायदा १८ फेब्रुवारी २०२७ पासून फोनसारख्या उपकरणांनाही लागू होणार, अशा बातम्या आल्यापासून एक समज पसरला आहे: आता सगळ्या फोनची मागची झाकणं पुन्हा नखाने उघडता येतील आणि पूर्वीसारखी बॅटरी काढून दुसरी घालता येईल. त्यातून साहजिकच प्रश्न निघतो की आज फोन घ्यावा, की थांबावं? थांबायचं नसेल तर बॅटरी काढता येणारा फोन मुद्दाम शोधावा का? थोडक्यात उत्तर द्यायचं तर, नियमासाठी थांबू नका आणि केवळ झाकणासाठी फोन निवडू नका. बॅटरी किती वर्षं तग धरेल, ती दमल्यावर नवी कितीला आणि कुठे बसवून मिळेल आणि तोवर फोनला सॉफ्टवेअर अपडेट मिळत राहतील का, या तीन गोष्टींवर फोनचं आयुष्य ठरतं. झाकण उघडतं की नाही, हा प्रश्न त्यांच्यानंतरचा आहे. नव्या नियमांचा खरा उपयोगही झाकणापेक्षा या तीन गोष्टींसाठी जास्त आहे. पण तो करून घ्यायचा तर झाकण मुळात बंद का झालं, तिथून सुरुवात करावी लागेल.

झाकण बंद का झालं?

नोकिया ११०० किंवा तसल्या फोनमधली बीएल-५सी ही बॅटरी आठवून पाहा. काडेपेटीपेक्षा पातळ, कडक कवचाची, एका टोकाला तीन सोनेरी पट्ट्या असलेली. ती कडक असण्याला कारण होतं. ग्राहक ती खिशात टाकणार, किल्ल्यांबरोबर ठेवणार, हातातून पाडणार, हे गृहीत धरूनच ती बनवावी लागे. लिथियम आयन सेलच्या आतले दोन थर एकमेकांना टेकले की शॉर्ट होतो आणि आग लागते, म्हणून सेलभोवती धातूचं किंवा प्लास्टिकचं कवच. फोनच्या आतही बॅटरीसाठी वेगळा कप्पा, त्याच्या भिंती, स्प्रिंगचे संपर्क आणि मागे अडकणारं झाकण लागे. एवढ्या सगळ्याला जागा जाते. बॅटरी ग्राहकाच्या हाती द्यायचीच नाही असं ठरलं की कवच गळतं. ॲल्युमिनियमच्या पातळ थरात गुंडाळलेला मऊ सेल सरळ फोनच्या सांगाड्यात चिकटवता येतो आणि वाचलेल्या जागेत जास्त क्षमता बसते किंवा फोन पातळ होतो. २००७ च्या पहिल्या आयफोनपासून ॲपलने हाच मार्ग धरला. बाकीच्यांनी काही वर्षं वाट पाहिली आणि मग तेही त्याच वाटेने गेले.

जागेइतकंच दुसरं कारण दिसण्याचं होतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस५ (२०१४) आणि एस६ (२०१५) या लागोपाठच्या दोन फोनमध्ये हा बदल स्पष्ट दिसतो. एस५ ची पाठ प्लास्टिकची होती, कोपऱ्यातल्या खाचेत नख घातलं की उघडणारी. आत २८०० एमएएचची बॅटरी होती आणि फोनला पाण्याविरुद्ध आयपी६७ मानांकनही होतं. एस६ धातूच्या कडेचा आणि काचेच्या पाठीचा होता, वायरशिवाय चार्ज होणारा. पण बॅटरी आत बंद, क्षमता २५५० एमएएच, आणि पाण्याचं मानांकनही गेलेलं. कागदावर तीन बाबतीत मागे गेलेला हा फोन 'आता सॅमसंग देखणा दिसायला लागला' म्हणून वाखाणला गेला. एलजीने २०१६ मध्ये जी५ आणि व्ही२० मध्ये काढती बॅटरी टिकवून पाहिली, पण महागड्या फोनच्या बाजारात कुणी तिच्या मागे गेलं नाही. त्याच सुमारास जलद चार्जिंग आलं, पॉवर बँक स्वस्त झाल्या आणि जादा बॅटरी खिशात बाळगण्याची गरजच बहुतेकांना उरली नाही. म्हणजे कंपन्यांनी बॅटरी काढून घेतली हे अर्धं खरं. ग्राहकाने ती सोडूनही दिली, हे उरलेलं अर्धं.

याचा अर्थ कंपन्यांचा त्यात स्वार्थ नव्हता असा नाही. बॅटरी हा फोनमधला हमखास झिजणारा भाग आहे. तो बदलणं अवघड केलं की लोक फोनच बदलतात, हे कुठल्याही कंपनीला कळतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जात होता. कंपनीचं म्हणणं असं की दमलेली बॅटरी अचानक जास्त वीज देऊ शकत नाही आणि फोन बंद पडतो, तो पडू नये म्हणून हे केलं. तांत्रिकदृष्ट्या ते कारण खरं आहे. पण ग्राहकाला ते सांगितलं गेलं नव्हतं. फोन रेंगाळतो म्हणून ज्याने नवा घेतला, त्याला फक्त बॅटरी बदलून भागलं असतं हे कळायला मार्ग नव्हता. या लपवाछपवीबद्दल फ्रान्सने २०२० मध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला. अडचण बंद झाकणाची नव्हती. बॅटरीची तब्येत ग्राहकाला दिसत नव्हती आणि ती बदलणं महाग होतं, हे दुखणं होतं.

एक नव्हे, तीन अडसर

'बॅटरी काढता येत नाही' या एका वाक्यात आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. त्या सुट्या करून पाहिल्या की नियमाचा अर्थ लावणं सोपं जातं. पहिली गोष्ट म्हणजे फोनची पाठ डिंकाने चिकटवलेली असणं. दुसरी, आतली बॅटरीही सांगाड्याला चिकटवलेली असणं. तिसरी, बॅटरीवरची छोटी चिप आणि फोन यांची सॉफ्टवेअरने बांधलेली जोडी, ज्यामुळे बाहेरची बॅटरी घातली की पडद्यावर 'अनोळखी भाग' असा इशारा येतो किंवा बॅटरीची तब्येत दाखवणंच बंद होतं. यांतला पहिला अडसर पाण्याच्या बचावासाठी काही प्रमाणात समजण्यासारखा आहे. दुसरा बहुतेक वेळा उत्पादनाच्या सोयीचा असतो. तिसऱ्याचा ना पाण्याशी संबंध, ना जागेशी.

दुरुस्तीच्या टेबलावर हा फरक लगेच दिसतो. चिकटवलेल्या फोनची बॅटरी बदलायची तर कारागीर आधी पाठ गरम करतो, म्हणजे कडेचा डिंक सैल होतो. रबरी कप लावून काच जराशी उचलतो आणि फटीतून प्लास्टिकची पातळ पात चारही बाजूंनी फिरवतो. घाई झाली की काच इथेच तडकते. मग स्क्रू, मग बॅटरीची चपटी केबल सोडवणं. यानंतरचा टप्पा सगळ्यांत नाजूक. बॅटरीखाली ओढून काढायची पट्टी दिलेली असेल तर ती सावकाश ताणली की बॅटरी मोकळी होते. पट्टी नसेल किंवा मध्येच तुटली, तर अल्कोहोलचे थेंब सोडून डिंक मऊ करावा लागतो आणि बॅटरी खालून उचलावी लागते. मऊ सेल वाकला किंवा टोचला गेला तर आतले थर एकमेकांना भिडतात, धूर येतो, कधी पेटही घेतो. शेवटी नवी बॅटरी बसवून पाठीला नवा सील लावायचा. तो नीट बसला नाही तर फोन पाण्याला टिकत नाही आणि हे पहिला पाऊस येईपर्यंत कळत नाही. थोडक्यात, पाठ चिकटवलेली असूनही आतल्या बॅटरीला चांगली पट्टी असेल, तर कुशल माणसासाठी काम सरळ असतं. ॲपलने आयफोन १६ मध्ये बॅटरीचा डिंक ९ व्होल्टची वीज दिली की सुटेल असा वापरला, तो याच दुसऱ्या अडसरावरचा उपाय. पाठ बंद ठेवूनही बॅटरी बदलायला सोपी करता येते, हे त्यातून सिद्ध झालं.

नियम नेमका काय म्हणतो?

युरोपात दोन नियम आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. पहिला २०२३ चा बॅटरी कायदा. त्यातलं अकरावं कलम सांगतं की छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. त्यासाठी बाजारात सहज मिळणारी हत्यारं पुरली पाहिजेत. खास हत्यार लागत असेल तर ते उपकरणाबरोबर फुकट द्यावं, आणि उष्णता किंवा द्रावण वापरायची वेळ येऊ नये. बदलीची बॅटरी ते मॉडेल बाजारात यायचं थांबल्यावरही किमान ५ वर्षं वाजवी दरात मिळावी आणि सॉफ्टवेअरने बदल अडवू नये. हाच तो फेब्रुवारी २०२७ चा नियम. यात नखाने उघडणारं झाकण कुठेही सांगितलेलं नाही. साधा स्क्रूड्रायव्हर पुरेसा असणं, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा नियम खास स्मार्टफोन आणि टॅबलेटसाठी आहे आणि तो २० जून २०२५ पासून युरोपात लागूही झाला आहे. त्यात कंपनीपुढे दोन वाटा ठेवल्या आहेत. एक, बॅटरी सामान्य माणसाला घरी, साध्या हत्याराने बदलता येईल अशी ठेवा. दुसरी, ती कारागिराकडूनच बदलावी लागली तरी चालेल, पण मग बॅटरी दणकट द्या. ५०० पूर्ण आवर्तनांनंतर तिच्यात मूळ क्षमतेच्या किमान ८३ टक्के आणि १००० आवर्तनांनंतर किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. शिवाय फोन धुळीपासून पूर्ण बंद आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा असला पाहिजे. आवर्तन म्हणजे शंभर टक्के वापर पूर्ण होणं. आज निम्मी बॅटरी वापरली आणि उद्या निम्मी, तर दोन दिवसांचं मिळून एक आवर्तन झालं. फोनच्या बाबतीत हाच खास नियम धरला जात असल्याने महागडे फोन ही दुसरी वाट धरू शकतात, म्हणजे त्यांची पाठ बंदच राहू शकते. 'सगळे फोन उघडणार' ही बातमी इथे कोसळते. पण हा नियम फसवा आहे असं मात्र म्हणता येणार नाही. ग्राहकाला दरवर्षी बॅटरी बदलायची नसते, फोन चालावा एवढंच हवं असतं. हजार आवर्तनं टिकणारी बंद बॅटरी ही तीनशे आवर्तनांत दमणाऱ्या उघड्या बॅटरीपेक्षा त्याच्या जास्त कामाची आहे.

याच नियमात आणखी दोन गोष्टी आहेत ज्यांच्याकडे खरेदीदाराने जास्त लक्ष द्यावं. बॅटरीचा उत्पादन दिनांक, पहिल्या वापराचा दिनांक, आवर्तनांची संख्या आणि उरलेली तब्येत यांची नोंद फोनने ठेवायची आहे. आणि मॉडेल बाजारातून गेल्यावरही किमान ५ वर्षं सॉफ्टवेअर अपडेट द्यायचे आहेत. सोबतच्या लेबलवर बॅटरीची आवर्तनं आकड्यात आणि दुरुस्तीची सोय ए ते ई अशा श्रेणीत छापलेली असते. भारतात असा कायदा नाही. इथे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक कसा असावा यावर नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये अहवाल दिला, पण फोनच्या खोक्यावर अशी श्रेणी छापण्याचं बंधन त्यातून आलेलं नाही. तरी युरोपातल्या लेबलचा फायदा पुण्यात किंवा परभणीत बसून घेता येतो. युरोपीय संघाची EPREL नावाची यादी सगळ्यांना खुली आहे. तिथे फोनचं मॉडेल शोधलं की हे आकडे दिसतात. फक्त एक काळजी घ्यायची: भारतात आणि युरोपात एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या फोनच्या बॅटरीची क्षमता कधी कधी वेगळी असते. दोन्हीकडची एमएएच जुळते का ते पाहावं आणि नसेल जुळत तर तो आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा.

आकड्यांत मांडून पाहू

२४,००० रुपयांचा, ५००० एमएएचचा फोन घेतला असं धरू. दिवसाला ४००० एमएएच वापर होतो, म्हणजे ०.८ आवर्तन. या गतीने हजार आवर्तनं व्हायला १२५० दिवस लागतील, साधारण ३ वर्षं ५ महिने. त्या वेळी क्षमता ८० टक्क्यांवर, म्हणजे ४००० एमएएचवर आलेली असेल. रोजचा वापर तेवढाच असल्याने संध्याकाळी फोन माना टाकू लागेल. बहुतेक लोक याच सुमारास नवा फोन घेतात. तिसऱ्या वर्षाअखेर घेतला, तर फोनचा खर्च वर्षाला ८,००० रुपये पडला. त्याऐवजी २,५०० रुपयांत बॅटरी बदलली आणि फोन ५ वर्षं वापरला, तर २६,५०० भागिले ५, म्हणजे वर्षाला ५,३०० रुपये. आता हाच फोन काढत्या बॅटरीचा असता, मजुरी वाचून नवी बॅटरी १,५०० रुपयांत आली असती, तर वर्षाला ५,१०० रुपये पडले असते. हे दर उदाहरणापुरते आहेत, आपल्या मॉडेलचे घालून पाहावेत. पण प्रमाण बोलकं आहे. बॅटरी बदलण्याचा फायदा वर्षाला २,७०० रुपये, आणि ती स्वतःच्या हाताने बदलता येण्याचा जादा फायदा फक्त २०० रुपये. आणि अपडेट तिसऱ्याच वर्षी थांबणार असतील, बँकेची ॲप चालेनाशी होणार असतील, तर झाकण कितीही सोपं उघडो, ते २,७०० रुपये हातून गेले.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जिच्याकडे दुकानात क्वचितच लक्ष जातं. वापर तेवढाच ठेवून बॅटरी ७००० एमएएचची घेतली, तर दिवसाला ०.५७ आवर्तन होतं आणि हजार आवर्तनांना १७५० दिवस लागतात, म्हणजे पावणेपाच वर्षांच्या आसपास. शिवाय ८० टक्क्यांवर आल्यावरही तिच्यात ५६०० एमएएच उरतात, नव्याकोऱ्या ५००० एमएएचच्या बॅटरीपेक्षा जास्त. मोठी बॅटरी हे बदल पुढे ढकलण्याचं सर्वांत सोपं साधन आहे. अलीकडच्या मोठ्या बॅटऱ्यांत सिलिकॉन-कार्बनचा वापर असतो आणि सिलिकॉन चार्ज होताना ग्रॅफाइटपेक्षा बराच जास्त फुगतो. म्हणून मोठ्या आकड्याबरोबर आवर्तनांचा आकडाही विचारावा. कंपनी तो सांगत नसेल, तर वरचा हिशेब अर्ध्या माहितीवर बेतलेला आहे हे लक्षात ठेवावं.

विदर्भात, मराठवाड्यात किंवा खानदेशात राहणाऱ्यांनी या आकड्यांतून थोडं वजा करावं. बॅटरीच्या आतले रासायनिक बदल उष्णतेत वेगाने होतात, आणि पूर्ण भरलेली बॅटरी गरम राहिली तर सर्वांत जास्त नुकसान होतं. मे महिन्यात दुचाकीच्या हँडलवर नकाशा लावून उन्हात चार्ज होत असलेला फोन हे नुकसान पुरेपूर भोगतो. ज्यांचं काम असंच आहे, डिलिव्हरीचं किंवा टॅक्सीचं, त्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असलेला फोन घ्यावा आणि ती चालू ठेवावी. आणि तरीही बॅटरी दोन-अडीच वर्षांत दमेल हे धरूनच बदलीचा खर्च बाजूला ठेवावा.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप असा की काढती बॅटरी सुरक्षिततेसाठी चांगली नाही का? बिघाड झाला तर निदान बाहेर तरी काढता येते. यात तथ्य आहे आणि इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. २००७ मध्ये नोकियाने ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबाबत इशारा दिला, तेव्हा लोकांनी बॅटरीवरचा क्रमांक पाहिला आणि गरज असेल त्यांनी तेवढीच बदलून घेतली. फोन घरीच राहिला. २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेटू लागल्या तेव्हा सॅमसंगला अख्खे फोन परत घ्यावे लागले आणि शेवटी ते मॉडेलच बंद करावं लागलं. पण काढत्या बॅटरीच्या काळातला दुसरा धोकाही आठवावा: स्टेशनबाहेर शंभर रुपयांत मिळणाऱ्या 'ओरिजिनल' बॅटऱ्या. बॅटरी हाताने बदलता आली की ती कुठूनही घेतली जाते. म्हणून बदलीची बॅटरी घेताना तिच्यावर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि R- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावं, आणि तो BIS Care या ॲपमध्ये घालून तपासावा. नाव आणि वस्तू जुळली नाही तर ती बॅटरी सोडून द्यावी.

दुसरा आक्षेप पाण्याचा. झाकण उघडतं म्हटलं की पाणी शिरणार, असं विक्रेते सांगतात. एस५ ने २०१४ मध्येच हे खोटं ठरवलं, आणि काढत्या बॅटरीचा, आयपी६८ मानांकनाचा गॅलेक्सी एक्सकव्हर७ सॅमसंगने २०२४ मध्ये भारतातही आणला. रबरी कड, घट्ट खाचा आणि जरा जाड पाठ हे त्याचं मोल. म्हणजे काढती बॅटरी आणि पाणी यांचं वैर नाही, वैर आहे ते काढती बॅटरी, पाण्याचा बचाव आणि पातळपणा या तिघांना एकत्र मागण्याशी. कोकणात किंवा गोव्यात चार महिने पावसात फिरणाऱ्याने मात्र एक गोष्ट पाळावी. बॅटरी कुठल्याही प्रकारची असो, ती बदलून घेताना नवा सील लावला का ते विचारावं, आणि त्यानंतर फोन मानांकनाच्या भरवशावर पाण्यात नेऊ नये.

तिसरा आक्षेप थांबण्याचा: नियम येणारच आहे तर २०२७ पर्यंत थांबलं तर काय बिघडलं? कायदा युरोपातल्या विक्रीला लागू आहे. कंपन्या युरोपासाठी आणि भारतासाठी बहुधा एकच सांगाडा बनवतात, म्हणून सोपी पट्टी, सुटा होणारा डिंक यांसारख्या सुधारणा आपल्याकडेही झिरपतील आणि काही फोनमध्ये त्या आलेल्याही आहेत. पण नियमातली दुसरी वाट खुली असल्यामुळे एका ठरावीक दिवशी दुकानातला प्रत्येक फोन बदललेला असेल असं होणार नाही. शिवाय युरोपात कायद्याने मिळणारी सुट्या भागांची हमी भारतातल्या ग्राहकाला त्या कायद्याखाली मागता येत नाही. जुना फोन फुगलेल्या बॅटरीवर रेटत नेण्यात धोकाही आहे. पाठ उचलली गेली, पडद्याच्या कडेला फट दिसू लागली किंवा सपाट टेबलावर फोन डुगडुगू लागला, तर तो चार्ज करणं लगेच थांबवावं, पाठ दाबून बसवायचा प्रयत्न करू नये आणि सेवा केंद्रात न्यावा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. कचरा दाबताना ती फुटली तर गाडीत आग लागते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावरच द्यावी.

चौथा आक्षेप खेड्यातला, आणि तो सर्वांत वजनदार आहे. कंपनीचं सेवा केंद्र जिल्ह्याच्या गावी, तिथे जायला एक दिवसाची मजुरी बुडणार, फोन तिथे दोन दिवस राहणार. अशा माणसासाठी काढत्या बॅटरीची किंमत वरच्या हिशेबातल्या २०० रुपयांपेक्षा कितीतरी जास्त आहे. हे खरं आहे. पण त्याच्यासाठीही पहिला प्रश्न हाच की बदलीची बॅटरी मिळते का? फेअरफोनसारखा हाताने उघडणारा फोन भारतात अधिकृतपणे विकला जात नाही, मग त्याची बॅटरी तालुक्याला कशी पोचणार? आणि कपाटात ठेवलेली जादा बॅटरी वापरली नाही तरी वयाने झिजतेच. पूर्ण रिकामी होऊन पडली तर कायमचीच जाते. गावातल्या कारागिराकडे ज्या मॉडेलच्या बॅटऱ्या येतात आणि जे मॉडेल तो उघडून बसला आहे, तो फोन त्या गावासाठी काढत्या बॅटरीच्या दुर्मिळ फोनपेक्षा सोयीचा ठरतो. फोन घेण्याआधी त्या कारागिरालाच विचारून घ्यावं.

दुकानात जाण्याआधी

करायचं काम फार नाही. पसंतीच्या दोन-तीन मॉडेलची नावं घ्या आणि कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करून बॅटरी बदलण्याचा पूर्ण दर विचारा, मजुरी आणि कर धरून. काही कंपन्या हा दर संकेतस्थळावर देतात. तो फोनच्या किमतीच्या दहा-बारा टक्क्यांत बसला तर ठीक, पंचवीस टक्क्यांच्या वर गेला तर बदल करायचं मन होणार नाही आणि फोन लवकर अडगळीत जाईल. मग आवर्तनांचा आकडा पाहा, कंपनी देत नसेल तर EPREL वर शोधा. आठशेच्या वर असेल तर चांगला, हजारावर असेल तर उत्तम. त्यानंतर अपडेट किती वर्षं मिळणार ते पाहा, आणि ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात की तुम्ही घेतल्यापासून, ते नीट वाचा. दीड वर्ष जुनं मॉडेल सवलतीत घेताना हाच फरक पडतो. शेवटी वॉरंटीत बॅटरी किती महिने धरली आहे ते तपासा, कारण ती बाकी फोनपेक्षा कमी असू शकते. जुना फोन विकत घेणाऱ्याने सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर आवर्तनं आणि तब्येत दिसते का ते पाहावं. तब्येत ८० टक्क्यांखाली असेल तर बदलीचा दर मागितलेल्या किमतीतून वजा करूनच सौदा करावा.

काढत्या बॅटरीचा फोन मुद्दाम घ्यावा अशी माणसंही आहेत. ज्यांना दिवसभर चार्जिंगची जागाच मिळत नाही आणि पाळीपाळीने बॅटऱ्या बदलून काम चालवायचं असतं, अशा गोदामांतल्या, सर्वेक्षणाच्या किंवा गस्तीच्या कामावरच्या लोकांसाठी एक्सकव्हरसारखे फोन आहेतच, आणि तिथे ते आपली किंमत वसूल करतात. बाकीच्यांनी दोन सारख्या फोनमध्ये निवड करायची वेळ आली आणि बॅटरीचं आयुष्य, बदलीचा दर व अपडेट तिन्ही बरोबरीत असले, तर ज्याची बॅटरी सोपी निघते तो खुशाल घ्यावा. या तिन्हींत जो फोन मागे आहे, त्याचं झाकण कितीही सहज उघडत असलं तरी तो घेऊ नये.